थर्मोडायनॅमिक्सचं प्रकरण एका पानात आणताना या चुका टाळा

या प्रकरणाचा तक्ता करायला बसलं की मुलं आधी सगळी सूत्रं भराभर उतरवून काढतात आणि चिन्हं 'नंतर बघू' म्हणून सोडतात. माझं स्पष्ट मत आहे की चिन्हांचा खुलासा नसलेला पहिला नियम तक्त्यावर नसलेलाच बरा.

हे मी स्वतः मार्क घालवून शिकलो. भौतिकशास्त्राच्या वहीतून मी `Q = ΔU + W` उतरवलं आणि त्याच्याच खाली रसायनशास्त्रातलं `ΔU = q + w`. दोन्ही बरोबर आहेत. फक्त पहिल्यात `W` म्हणजे वायूने केलेलं कार्य आणि दुसऱ्यात `w` म्हणजे वायूवर केलेलं कार्य, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. परीक्षेत गणित आलं: वायूला 500 J उष्णता दिली, तो 1 atm या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध 2 L वरून 5 L झाला, तर अंतर्गत ऊर्जेतला बदल किती? कार्य 304 J आलं, ते मी दुसऱ्या सूत्रात तसंच अधिक चिन्हाने घातलं आणि 804 J लिहून मोकळा झालो. खरं उत्तर 500 − 304 = 196 J. क्षणभर थांबलो असतो तरी चूक दिसली असती. वायूने बाहेरचा दाब ढकलण्यात ऊर्जा खर्च केली आहे, मग दिलेल्या उष्णतेपेक्षा जास्त ऊर्जा त्याच्याकडे उरेल कशी?

आता मी एकच सूत्र ठेवतो आणि त्याच्या डोक्यावर चौकटीत लिहितो: 'उष्णता आत आली, Q धन. वायू प्रसरण पावला, W धन.' रसायनशास्त्रासाठी समासात `w = −W` एवढं पुरतं. उदाहरण म्हणून वरचंच गणित घेतो, कारण त्यात चिन्ह चुकायला जागा आहे. `W = 0` असलेलं सोपं उदाहरण निवडून घाईने पान संपवणाऱ्यांना त्यातून काहीच कळत नाही.

याच गणितात एककांचाही सापळा आहे. `PΔV` आधी 3 L·atm येतं. 1 L·atm म्हणजे 101.3 J, हे विसरून 500 मधून सरळ 3 वजा केले तर 497 येतं, आणि ते उत्तर इतकं साळसूद दिसतं की शंकाही येत नाही. म्हणून मी उदाहरणाच्या प्रत्येक पायरीत, प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहितो, फक्त शेवटच्या उत्तरापुढे नाही.

कार्नो इंजिनच्या कार्यक्षमतेत तापमान केल्विनमध्येच घ्या: 127 °C आणि 27 °C साठी 25 टक्के येतात, सेल्सिअस तसंच घातलं तर जवळजवळ 79.

दुसरा नियम लिहिताना 'आपोआप' हा शब्द गाळू नका. उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे आपोआप जात नाही. बाहेरून कार्य दिलं की जाते, फ्रिज तेच करतो.