क्रमांक सगळे जुळले, तरी साडेअकरा हजार कमी

स्कॅन केलेल्या याद्या एक्सेलमध्ये आणायचं काम मी सोलापुरात सुरू केलं, तेव्हा पहिल्या महिन्यातच एका पतसंस्थेची सभासद यादी हातात आली. चौदा पानं. वर्डमध्ये टाइप केलेली, छापलेली, सह्या-शिक्के झालेली आणि मग स्कॅन केलेली. मूळ फाइल कुणाकडेच नव्हती. रकाने पाच: अ.क्र., सभासद क्र., नाव व पत्ता, शेअर्स, रक्कम. एक शेअर १०० रुपयांचा. शेवटच्या पानावर एकूण सभासद २०३ आणि एकूण रक्कम ४,८७,३०० छापलेली.

ओसीआर करून, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकाकडून वाचून घेऊन, सगळी पानं एकाखाली एक लावली तर २२३ ओळी निघाल्या. वीस जास्तीच्या. मी म्हटलं, यातले चौदा प्रत्येक पानावरचे मथळे, एक बेरजेची ओळ, आणि उरलेल्या पाच असतील काहीतरी कचरा. अ.क्र. रिकामा असलेली प्रत्येक ओळ उडवली, मथळे काढले. राहिले बरोबर २०३. एक ते २०३ सलग, एकही क्रमांक गळलेला नाही. खुशीत फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या जुन्या लेखनिक काकांचा फोन. ‘‘ताई, माणसं समदी हायत म्हणता, मग साडेअकरा हजार कमी कसं पडतंय? तुमची बेरीज ४,७५,८०० येतीय.’’

पैसे गेले होते त्या पाच ‘कचऱ्या’च्या ओळींत. सहाव्या पानाच्या तळाची आणि सातव्याच्या माथ्याची ओळ मथळा काढल्यावर अशी दिसत होती (नाव मी इथे गाळलंय):

```
पान ६ | ८८ | ४१२ | (नाव), साखर पेठ,        |    |
पान ७ |    |     | कन्ना चौकाजवळ, सोलापूर | ५० | ५,०००
```

टाइप करणाऱ्याने शेअर्स आणि रक्कम पत्त्याच्या शेवटच्या ओळीसमोर यावी म्हणून त्या चौकटींत वर एंटर मारून आकडे खाली सरकवले होते. पान भरलं तेव्हा वर्डने ती ओळ मधोमध तोडली. क्रमांक सहाव्या पानावर राहिला, पैसे सातव्यावर गेले. क्रमांक नसलेला तुकडा मी टाकला आणि पैसे टाकले. अशा पाच ओळी: २,०००, १,५००, ५,०००, ५०० आणि २,५००. बेरीज ११,५००.

यातली खरी गोम म्हणजे सभासदांची संख्या मोजून ही चूक कधीच सापडत नाही. उडतो तो तुकडा मुळातच बिनक्रमांकाचा असतो, त्यामुळे उरलेले क्रमांक चोख दिसतात. नवीन मुलं हमखास क्रमांक जुळवून थांबतात. मीही थांबलेच होते.

आता मी ज्या क्रमाने करते तो सांगते. सगळ्यात आधी, पानं एकत्र करण्यापूर्वी प्रत्येक ओळीला दोन रकाने जोडायचे: पान क्रमांक आणि त्या पानावरची कितवी ओळ. हे नंतर जोडता येत नाही, कारण एकदा ओळी मिसळल्या की सांधा कुठे होता तेच कळत नाही.

मग मथळे. ते तुकडे जोडण्याच्या आधीच काढायला हवेत, कारण मथळा नेमका दोन तुकड्यांच्या मध्ये येऊन बसतो. हुबेहूब मजकूर जुळवून काढायला जाल तर काही मागे राहतात. माझ्या यादीत चौदापैकी नऊच मथळे असे निघाले, बाकी पाचांत ओसीआरने रफार किंवा रकार खाल्ला होता: ‘शेअर्स’चं ‘शेअस’, ‘अ.क्र.’चं ‘अ.क.’. म्हणून पानाच्या माथ्यावरची ओळ घ्यायची, पाच चौकटींपैकी किती पहिल्या पानाच्या मथळ्याशी साधारण जुळतात ते पाहायचं, आणि तीन जुळल्या तर तो मथळा समजायचा. पानाच्या मधल्या ओळींना ही चाळणी लावू नका, उगाच एखादी खरी नोंद जायची.

त्यानंतर सांधे. पानं चौदा म्हणजे सांधे तेरा. ओळ तुटली आहे असं मानायला मी दोन्ही बाजूंचा पुरावा मागते: वरच्या पानाच्या शेवटच्या ओळीत रक्कम नाही, आणि खालच्या पानाच्या पहिल्या ओळीत क्रमांक नाही. दोन्ही खरं असेल तरच जोडायचं. रेघांवर भरवसा ठेवू नका. त्या यादीत तुटलेल्या ओळीखालीही अख्खी रेघ उमटली होती, जणू नोंद तिथेच संपली.

```python
t = t.fillna("").reset_index(drop=True)
for i in range(1, len(t)):
    if (t.page[i] != t.page[i-1]
            and t.srno[i] == "" and t.amt[i-1] == ""):
        print(t.page[i-1], t.addr[i-1], "|", t.addr[i])
```

इथे `t` म्हणजे pandas मधला, मथळे काढलेला तक्ता. हा कोड जोडत काहीच नाही, फक्त संशयित सांधे दाखवतो. `reset_index` विसरलात तर मथळे काढल्याने क्रम तुटलेला असतो आणि कोड अडतो. संशयित सांध्यांची यादी पडद्यावर आली की स्कॅन उघडून एकेक सांधा डोळ्याने बघते आणि मगच पत्त्याचे तुकडे मध्ये एक मोकळी जागा देऊन जोडते. तेरा सांध्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत.

एकाच बाजूचा पुरावा का पुरत नाही, ते पुढच्याच यादीने शिकवलं. एका पानाच्या पहिल्या ओळीत क्रमांक नव्हता, म्हणून मी ती वरच्या ओळीला चिकटवली. एका सभासदाच्या क्रमांकापुढे दोन नावं आणि दोन रकमा! प्रत्यक्षात छपाई फिकी होती आणि ओसीआरला क्रमांक दिसलाच नव्हता. वरची ओळ रकमेसकट पूर्ण होती, तेवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं. गंमत म्हणजे या चुकीत एकूण बेरीज बिघडतेच असं नाही, क्रमांक मात्र एकाने घटतो. म्हणजे पहिल्या चुकीला बेरीज पकडते आणि दुसरीला क्रमांक. दोन्ही तपासावे लागतात ते यासाठी.

जुन्या खतावण्यांत आणखी एक प्रकार भेटतो: पानाच्या तळाशी ‘पुढील पानावर’ आणि माथ्यावर ‘मागील पानावरून’. या ओळी चुकून नोंदींत राहिल्या तर बेरीज कैक पटींनी फुगते. पण त्या फेकून देऊ नका, वेगळ्या ठेवा. तळाच्या रकमेतून माथ्याची रक्कम वजा केली की त्या एका पानाची बेरीज मिळते, आणि तूट कोणत्या पानावर आहे ते लगेच समजतं. सभासद यादीत ही सोय नव्हती, म्हणून मला साडेअकरा हजार चौदा पानांत शोधावे लागले.

दुरुस्त फाइल दिल्यावर काका म्हणाले, ‘‘हा पान नंबरचा रकाना काढून टाका की, आमच्याकडं नव्हता.’’ मी तो लपवून ठेवला, काढला नाही. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला, एका सभासदाचा पत्ता अर्धाच दिसतोय म्हणून. लपवलेला रकाना उघडला: पान ११, शेवटची ओळ. आकडे पहिल्याच ओळीत, त्यामुळे माझ्या दोन्ही कसोट्यांतून ती सुटली होती. पत्त्याची उरलेली ओळ बाराव्या पानाच्या माथ्यावर, ओसीआरने मथळ्याच्याच चौकटीत ओढून घेतलेली. ती मथळ्याबरोबर मीच काढली होती.