एकाच उठावाचे दोन अर्थ: इतिहासलेखनावर प्रश्न कसा काढायचा

‘1857च्या उठावाबद्दल राष्ट्रवादी आणि मार्क्सवादी दृष्टिकोन स्पष्ट करा’ असा प्रश्न दिला की मुलं गाईडमधले दोन पॅरे पाठ करून उतरवतात आणि तपासताना कळतच नाही की कुणाला खरंच समजलंय. म्हणून प्रश्नातच एक अस्सल कागद द्यायचा आणि तो दोन्ही बाजूंनी वाचायला लावायचा.

1. कागद निवडा. दोन्ही बाजूंना खाद्य मिळेल असाच हवा. मी आझमगढचा जाहीरनामा घेते, 25 ऑगस्ट 1857चा. त्यात जमीनदार, व्यापारी, सरकारी नोकर, कारागीर आणि पंडित-फकीर अशा पाच गटांना वेगवेगळं आवाहन आहे. जमीनदारांना म्हटलंय की इंग्रजांचा सारा जबर आहे, जमिनी लिलावात जातात, आपलं राज्य आलं की सारा हलका होईल आणि आपल्या जमीनदारीत तुमचीच पूर्ण सत्ता राहील. कारागिरांना सांगितलंय की विलायती मालाने तुमचं काम गेलं. पाच-सहा ओळींचा सोपा उतारा करा, पण जमीनदारांचं आश्वासन गाळू नका, सगळी गंमत तिथेच आहे.

2. आधी स्वतः उत्तर लिहून बघा. राष्ट्रवादी वाचनात हिंदू-मुसलमान, व्यापारी-विणकर सगळे परक्या सत्तेविरुद्ध एकत्र बोलावलेले दिसतात. मार्क्सवादी वाचनात प्रत्येक वर्गाचं आर्थिक दुखणं दिसतं, आणि शेतकऱ्यांसाठी वेगळा भागच नाही हे खटकतं, मग उठाव जिंकला असता तर कुळांना काय मिळालं असतं?

3. प्रश्न तोडा. 10 मार्कांचा असेल तर मी असा देते:
(अ) उताऱ्यातली कोणती दोन विधानं राष्ट्रवादी इतिहासकार पुढे करेल, आणि का? (3)
(आ) मार्क्सवादी इतिहासकार कशावर बोट ठेवेल? (3)
(इ) जमीनदारांना दिलेल्या आश्वासनाचा अर्थ दोघं कसा वेगळा लावतील? तुम्हाला कोणता पटतो, उताऱ्यातल्या आधारासह लिहा. (4)
(इ) मध्ये बाजू कुठलीही घेतली तरी चालेल, मार्क आधाराला.

4. लेबलांपासून जपा. ‘सगळे मार्क्सवादी असंच म्हणतात’ असं प्रश्नातून ध्वनित होऊ देऊ नका. रजनी पाम दत्त यांना हा जुन्या सरंजामी शक्तींचा उठाव वाटला, तर 1957मध्ये तल्मीझ खाल्दून यांनी त्यात शेतकऱ्यांचं युद्ध पाहिलं. उलट बाजूला सावरकर स्वातंत्र्यसमर म्हणतात आणि र. चं. मजुमदार, ज्यांना बरेचदा राष्ट्रवादीच म्हटलं जातं, ते हा पहिला राष्ट्रीय स्वातंत्र्यलढा होता हेच नाकारतात. म्हणून ‘राष्ट्रवादी काय म्हणतात’ ऐवजी ‘असा इतिहासकार काय पुढे करेल’ असं विचारलेलं बरं.

5. शेवटी उतारा झाकून बघा. तरीही पूर्ण उत्तर लिहिता येत असेल तर प्रश्न परत पाठांतराकडेच गेलाय, उताऱ्यातली ओळ उचलल्याशिवाय मार्क मिळणार नाहीत असा तो बदला.