n·a_n → 0 : बीएस्सीच्या अॅनालिसिसमधलं हे एक थिअरम नीट करून घ्या

बीएस्सी थर्ड इयरची आणि जॅम-सेटची तयारी करणारी पोरं-पोरी सारखं विचारतात की सिरीजमध्ये नेमकं काय पक्कं करू. माझं उत्तर ठरलेलं आहे, टेस्टची यादी नंतर, आधी हे एक थिअरम करा. टर्म्स पॉझिटिव्ह आहेत, डिक्रीजिंग आहेत आणि सिरीज कन्व्हर्ज होते, तर n·a_n ची लिमिट शून्य. स्टेटमेंट दीड ओळीचं, प्रूफ पाच ओळींचं, आणि तरी या पाच ओळींत जेवढे मार्क जातात तेवढे मोठ्या थिअरममध्ये पण जात नाहीत. कन्व्हर्जन्स, पार्शल सम, हार्मोनिक सिरीज डायव्हर्ज होते हे तुम्हाला येतं असं धरूनच पुढं लिहितेय.

पहिल्यांदा सापळा, कारण मी स्वतः त्यात अडकले होते आणि आता ज्यांच्या वह्या बघते त्यातल्या बऱ्याच जणांच्या वहीत तोच दिसतो. प्रूफ असं लिहिलेलं असतं: समजा n·a_n → L आणि L > 0. मग पुरेशा मोठ्या n साठी n·a_n > L/2, म्हणजे a_n > L/(2n), आणि 1/n ची सिरीज डायव्हर्ज होते म्हणून आपली पण होणार, विरोधाभास, म्हणून L = 0. वाचायला एकदम गुळगुळीत. पण हे प्रूफ अपुरं आहे आणि कडक तपासणारा असेल तर अर्ध्याहून जास्त मार्क कापतो, आणि बरोबर करतो.

चूक पहिल्याच शब्दात आहे. "समजा n·a_n → L" असं म्हणताना तुम्ही लिमिट अस्तित्वात आहे हे गृहीत धरलंत. ते कुणी दिलं? लिमिट नसण्याची शक्यता तुम्ही तपासलीच नाही. n·a_n कधी 1 च्या जवळ, कधी शून्याच्या जवळ असं खालीवर करत राहिलं तर? त्या युक्तिवादातून खरं हाती लागतं ते एवढंच की n·a_n कायमचं एखाद्या पॉझिटिव्ह c च्या वर राहू शकत नाही, म्हणजे ते अधूनमधून शून्याच्या जवळ यायलाच पाहिजे. लिमइन्फ शून्य आहे हे कळलं. लिमिट शून्य आहे हे अजून कळलेलं नाही. या दोन्हीत फार मोठं अंतर आहे.

यावर पोरं म्हणतात, "पण ताई, डिक्रीजिंग आहे ना, मग n·a_n खालीवर कसं होईल?" होतं की. हे उदाहरण हातानं लिहून बघा, नुसतं वाचू नका. a_1 = 1 घ्या, आणि (k−1)! च्या पुढं k! पर्यंतच्या सगळ्या n साठी a_n = 1/k! घ्या. म्हणजे a_2 = 1/2, मग 3 ते 6 पर्यंत सगळ्या टर्म 1/6, मग 7 ते 24 पर्यंत 1/24, मग 25 ते 120 पर्यंत 1/120. पायऱ्या पायऱ्यांनी उतरणारा सिक्वेन्स, पॉझिटिव्ह आहे, कुठंही वर जात नाही. आता n·a_n बघा. n = 24 ला ते बरोबर 1. लगेच पुढच्या n = 25 ला 25/120, म्हणजे साधारण 0.21. मग चढत चढत n = 120 ला परत 1. n = 121 ला 121/720, साधारण 0.17. n = 720 ला परत 1. प्रत्येक पायरीच्या सुरुवातीला ते जवळपास 1/k असतं आणि शेवटी 1 असतं. लिमइन्फ शून्य, पण लिमिटच नाही. आणि सिरीज? 7 ते 24 मध्ये 18 टर्म, प्रत्येक 1/24, बेरीज 3/4. पुढच्या पायरीत 96 टर्म, बेरीज 96/120 म्हणजे 4/5. प्रत्येक पायरी 1 − 1/k देते, म्हणजे सिरीज डायव्हर्ज होते. थिअरम शाबूत आहे. पण डिक्रीजिंग असूनही लिमिट नसू शकते आणि लिमइन्फ शून्य असूनही सिरीज डायव्हर्ज होऊ शकते हे दोन्ही एकाच उदाहरणात दिसलं, म्हणजे "लिमिट आहे" हे आयतं मिळत नाही, कन्व्हर्जन्स वापरून ते सिद्ध करायलाच लागतं.

घाबरू नका, खरं प्रूफ त्या चुकीच्या प्रूफपेक्षा सोपं आहे.

पहिला प्रयत्न सगळे असा करतात: टर्म डिक्रीजिंग आहेत, म्हणजे पहिल्या n टर्ममधली सगळ्यात लहान a_n, म्हणून S_n ≥ n·a_n. हे बरोबर आहे. आपल्याकडं गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यावर ट्रॉल्यांची रांग लागते, समजा मागची प्रत्येक ट्रॉली पुढचीपेक्षा हलकी आहे, तर शेवटच्या ट्रॉलीचं वजन गुणिले ट्रॉल्यांची संख्या हे एकूण वजनापेक्षा जास्त होणारच नाही. पण यातून मिळतं काय, तर n·a_n हे सिरीजच्या बेरजेपेक्षा मोठं नाही, बास. बाउंडेड झालं, शून्याकडं गेलं नाही. बरेच जण इथं येऊन "म्हणून शून्य" लिहून टाकतात, कारण शेवट काय यायला पाहिजे ते माहीत असतं.

रांगेचा पुढचा भाग जड आहे, तोच अडचण करतो. म्हणून तो सोडा आणि फक्त मागची अर्धी रांग घ्या. a_(n+1) पासून a_(2n) पर्यंत बरोबर n टर्म आहेत आणि त्यातली सगळ्यात लहान a_(2n). म्हणून

```
S_(2n) − S_n = a_(n+1) + ... + a_(2n) ≥ n·a_(2n)
```

सिरीज कन्व्हर्ज होते म्हणून S_(2n) आणि S_n दोन्ही एकाच S कडं जातात, फरक शून्याकडं. दोन्ही बाजूंना 2 नं गुणा, 2n·a_(2n) ≤ 2(S_(2n) − S_n), डावीकडं सगळं पॉझिटिव्ह, म्हणून 2n·a_(2n) → 0. इथं लिमिट आहे असं कुठंही गृहीत धरलं नाही, ती सँडविचमधून आपोआप मिळाली.

अजून संपलं नाही! हे फक्त सम इंडेक्ससाठी झालं. विषम राहिले, आणि ही एक ओळ न लिहिल्यामुळं पण मार्क जातो. a_(2n+1) ≤ a_(2n) आहे, म्हणून (2n+1)·a_(2n+1) ≤ (2n+1)·a_(2n) = ((2n+1)/(2n)) · 2n·a_(2n). तो अपूर्णांक 1 कडं जातो, बाकीचं शून्याकडं. झालं प्रूफ. डिक्रीजिंग पहिल्या टर्मपासून नसलं, ठराविक टर्मच्या पुढं असलं, तरी हेच प्रूफ चालतं.

एका गोष्टीवर माझं मत स्पष्ट आहे. क्लासमध्ये ट्रिकची पानं वाटतात ना, "n a_n → 0, चेक करा, पुढं चला" असली, ती घेऊ नका. मी सांगलीत विश्रामबागला कॉट बेसिसवर राहून तयारी करत होते तेव्हा असली पानं झेरॉक्स होऊन सगळ्या रूमवर फिरायची आणि त्यावर अट अर्धीच लिहिलेली असायची. नेटच्या पार्ट सीमध्ये एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि अर्धवट मार्क मिळत नाहीत, तिथं नेमकी अटच विचारतात. त्यापेक्षा एखादे सर किंवा मॅडम असे गाठा जे प्रत्येक ओळीला "हे कशावरून?" विचारतात. सुरुवातीला राग येतो, पण शिकवतात तेच.

तर अटी. डिक्रीजिंग काढलं तर काय होतं? n पूर्ण वर्ग असेल तेव्हा a_n = 1/n, नाहीतर a_n = 1/n². वर्गांच्या जागी 1, 1/4, 1/9, 1/16 असं मिळतं, म्हणजे 1/k² चीच सिरीज, आणि बाकीच्या टर्म पण 1/n² च्याच. दोन्ही कन्व्हर्ज. पण n = 100 ला n·a_n = 1, n = 99 ला 1/99. वर्ग कधी संपत नाहीत, म्हणून n·a_n शून्याकडं जात नाही. प्रूफमध्ये "सगळ्यात लहान a_(2n)" म्हटलं तिथं हे मोडतं: n = 50 ला a_51 ते a_100 यात a_100 = 1/100 सगळ्यात लहान नाही, a_99 = 1/9801 तिच्यापेक्षा कितीतरी लहान आहे.

आणि उलटं थिअरम खरं नाही, हे तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 1827 मध्ये ऑलिव्हियेनं क्रेलच्या जर्नलमध्ये असा दावा छापला होता की n·a_n → 0 असेल तर सिरीज कन्व्हर्ज होते. 1828 मध्ये त्याच जर्नलमध्ये आबेलनं तो खोडला, उदाहरण 1/(n log n). इथं n·a_n = 1/log n, शून्याकडं जातं, पण फार हळू, n दहा लाख असताना पण साधारण 0.07. आणि सिरीज डायव्हर्ज होते. ते पण त्याच मागच्या अर्ध्या रांगेनं दिसतं: 2^k च्या पुढं 2^(k+1) पर्यंत 2^k टर्म, प्रत्येक किमान 1/(2^(k+1)·(k+1)·log 2), म्हणून त्या तुकड्याची बेरीज किमान 1/(2(k+1)·log 2). असे सगळे तुकडे मिळवले की हार्मोनिक सिरीजच आली. म्हणजे हे थिअरम वापरायचं ते डायव्हर्जन्स दाखवायला: टर्म डिक्रीजिंग आहेत आणि n·a_n शून्याकडं जात नाही, तर सिरीज डायव्हर्ज. n·a_n शून्याकडं गेलं तर या थिअरमनं काहीच सांगितलं नाही, दुसरी टेस्ट लावा.

हुशार पोरं पुढचा प्रश्न काढतात, n च्या जागी n log n घेतलं तरी शून्य येईल का? नाही. a_1 = a_2 = 1/2 घ्या, आणि 2^((k−1)²) च्या पुढं 2^(k²) पर्यंत, k = 2 पासून, a_n = 1/(k²·2^(k²)) घ्या. त्या पायरीत 2^(k²) पेक्षा जास्त टर्म नाहीत, म्हणून पायरीची बेरीज 1/k² च्या आतच, सिरीज कन्व्हर्ज. टर्म डिक्रीजिंग. आता n = 2^(k²) ठेवा: n·a_n = 1/k², आणि log n = k²·log 2, गुणाकार प्रत्येक वेळी log 2. शून्याकडं जात नाही. यातला n·a_n मात्र शून्याकडं जातो का, ते पायरीच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडं स्वतः तपासा, आणि तपासताना लिमिट आधीच आहे असं कुठं धरलं नाही ना, तेवढं बघा.