खरेदी बिलांतून काढलेला तपशील टॅलीच्या व्हाउचर साच्यात कसा बसवावा

स्कॅन केलेल्या किंवा पीडीएफ खरेदी बिलातून पक्षाचे नाव, जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख, मालाच्या ओळी आणि कराचे आकडे काढून देणारी साधने आता लहान कार्यालयांतही दिसतात. मात्र त्यांतून येते ती एक साधी तक्ता-फाइल, आणि टॅलीला हवे असते व्हाउचर, म्हणजे कोणते लेजर नावे आणि कोणते जमा याची पूर्ण नोंद. या दोहोंमधला सांधा कसा जुळवावा, हे रबाळे एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील लोखंड विक्रेत्याकडून आलेल्या एका बिलाच्या आधारे येथे दाखवले आहे. टॅलीप्राइमच्या ४.० आवृत्तीपासून व्हाउचर एक्सेलमधून थेट आयात करता येतात, म्हणून लेखात तोच मार्ग धरला आहे.

बिल असे आहे. एमएस पाइप ४१२ किलो, दर ६८.५० रुपये, रक्कम २८,२२२.०० रुपये. वेल्डिंग रॉड ६ पाकिटे, दर १,१४५ रुपये, रक्कम ६,८७०.०० रुपये. ओळींच्या खाली स्वतंत्रपणे छापलेले भाडे ६५०.०० रुपये. करपात्र रक्कम ३५,७४२.०० रुपये, त्यावर ९ टक्के सीजीएसटी ३,२१६.७८ रुपये आणि तितकाच एसजीएसटी. बेरीज ४२,१७५.५६ रुपये होते आणि बिलाची एकूण रक्कम ४२,१७६ रुपये छापलेली आहे.

आधी कच्ची फाइल जपून उघडा

एक्सेलमध्ये फाइल दुहेरी क्लिक करून उघडली की दोन गोष्टी नकळत बिघडतात. बिल क्रमांक `0045` असेल तर तो ४५ होतो आणि `12-3` असा क्रमांक थेट तारीख बनतो. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर `05/08/2025` ही ५ ऑगस्टची तारीख ८ मे म्हणून वाचली जाते, तर `29/08/2025` मध्ये महिना बसत नसल्यामुळे ती मजकूर म्हणूनच राहते. हाच बिघाड ओळखण्याचा सोपा उपाय आहे: तारखेच्या स्तंभात काही नोंदी उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या तारखांमध्ये दिवस आणि महिना उलटले असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून फाइल `Data` मेनूमधील `From Text/CSV` मधून घ्यावी आणि बिल क्रमांक, तारीख व जीएसटीआयएन हे तिन्ही स्तंभ आधी मजकूर स्वरूपात ठेवावेत. तारखेचे रूपांतर नंतर स्वतः करावे.

पक्षाचे लेजर नावावरून नव्हे, जीएसटीआयएनवरून शोधा

एकाच विक्रेत्याचे नाव एका बिलावर ‘ट्रेडर्स’, दुसऱ्यावर ‘ट्रेडिंग कं.’ आणि रबरी शिक्क्यामुळे तिसऱ्यावर अर्धवट असे वाचले जाते. आयातीला मात्र टॅलीतील लेजरचे नाव जसे आहे तसेच हवे असते. म्हणून एका वेगळ्या शीटवर, तिचे नाव `Party` ठेवून, पहिल्या स्तंभात जीएसटीआयएन आणि दुसऱ्यात टॅलीतून निर्यात केलेल्या यादीतील लेजरचे नाव उचलून ठेवावे. नाव हाताने टाइप करू नये. मग मुख्य शीटवर हे सूत्र पुरते:

```
=XLOOKUP(B2,Party!A:A,Party!B:B,"CHECK")
```

जुळणी न झालेल्या ओळीत `CHECK` दिसला की त्यामागे सहसा दोनपैकी एक कारण असते: विक्रेता खरोखरच नवीन असतो, किंवा जीएसटीआयएनचे एखादे अक्षर चुकीचे वाचले गेलेले असते. पंधरा अक्षरांची रचना ठरलेली असल्याने दुसरे कारण लगेच ओळखता येते. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा अक्षरे पॅनची, म्हणजे पाच अक्षरे, चार अंक आणि एक अक्षर. जिथे अंक हवा तिथे `O` किंवा `S` आला असेल, तर ते बहुधा शून्य किंवा पाच आहे. शेवटचे अक्षर तपासणीचे असते, त्यामुळे शंका उरल्यास जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून पाहावा. नवीन विक्रेत्याचे लेजर मात्र आयातीपूर्वीच उघडावे लागते, नाहीतर टॅली `Ledger does not exist` अशा आशयाची त्रुटी दाखवून ते व्हाउचर सोडून देते.

खर्चाचे लेजर ठरवताना वस्तूच्या वर्णनावर फार विसंबू नका

वर्णनातील शब्दांवरून लेजर निवडणारे नियम सुरुवातीला आकर्षक वाटतात, पण ‘पाइप’ हा शब्द कच्च्या मालातही येतो आणि कार्यालयातील नळाच्या दुरुस्तीच्या बिलातही. माझ्या मते प्रत्येक पक्षाला एक नेहमीचे लेजर द्यावे आणि अपवाद एचएसएन कोडनुसार लिहावेत. आपल्या विक्रेत्याचे नेहमीचे लेजर `Purchase Steel 18%` आहे, वेल्डिंग रॉडचा एचएसएन ८३११ असल्यामुळे तो `Welding Consumables` मध्ये जातो आणि भाड्यासाठी `Freight Inward` आहे. हे भाडे मालासोबतच आकारलेले असल्याने पुरवठ्याच्या मूल्याचाच भाग ठरते, म्हणून त्यावरही मालाचाच दर लागला आहे. वाहतूकदाराने वेगळे बिल दिले असते तर प्रश्न निराळा झाला असता.

कराची लेजर

नियम साधा आहे: बिलावर आयजीएसटीचा आकडा असेल तर `Input IGST`, आणि सीजीएसटी व एसजीएसटी असतील तर `Input CGST` आणि `Input SGST`. जीएसटीआयएनची पहिली दोन अक्षरे केवळ पडताळणीसाठी वापरावीत. वापीच्या विक्रेत्याचा कोड २४ आणि शेजारच्या सिल्वासाचा २६, तेव्हा तिथल्या मालावर आयजीएसटी अपेक्षित आहे. मात्र २७ असूनही आयजीएसटी लागलेला दिसला, तर बिल चुकलेच असे समजू नये. व्यवहाराची एक बाजू सेझमधील युनिट असेल, तर दोन्ही पत्ते नवी मुंबईतच असले तरी तो पुरवठा आंतरराज्य मानला जातो. अशी बिले बाजूला काढून माणसाने पाहावीत.

कराची रक्कम स्वतः गुणाकार करून भरू नये, बिलावर छापलेलीच भरावी, कारण जीएसटीआर-२बीमध्ये विक्रेत्याने दाखवलेलाच आकडा येतो. ओळीनिहाय पूर्णांकनामुळे तो आपल्या गणितापेक्षा काही पैशांनी वेगळा असू शकतो. ज्या बिलाचे क्रेडिट कलम १७(५) नुसार मिळत नाही, त्याचा कर इनपुट लेजरमध्ये न टाकता खर्चाच्याच रकमेत मिळवावा.

राउंड ऑफ: जिथे चुका लपतात

एकूण रकमेतून बाकी सर्व वजा करून जे उरेल ते राउंड ऑफमध्ये टाकावे, हा मोह आवरावा, कारण असे केले की प्रत्येक व्हाउचर जुळते आणि चूक दिसतच नाही. आपल्या बिलात नेमके हेच झाले असते. भाडे मालाच्या तक्त्याबाहेर छापलेले असल्यामुळे ते काढलेल्या ओळींमध्ये आलेच नाही. ओळी आणि कर मिळून ४१,५२५.५६ रुपये होत होते, तर बिल ४२,१७६ रुपयांचे, उरलेले ६५०.४४ रुपये राउंड ऑफ म्हणून गेले असते आणि भाड्याची नोंदच झाली नसती. म्हणून पन्नास पैशांची मर्यादा घालावी. पुढील सूत्रात `G` मध्ये ओळी आणि करांची बेरीज आहे, `H` मध्ये बिलाची रक्कम:

```
=IF(ABS(ROUND(H2-G2,2))<=0.5,ROUND(H2-G2,2),"CHECK")
```

दुसरी तपासणी करावरून होते आणि ती हरवलेली रक्कमही सांगते. वाचलेल्या ३५,०९२ रुपयांवर ९ टक्के म्हणजे ३,१५८.२८ रुपये होतात. छापलेला सीजीएसटी त्याहून ५८.५० रुपयांनी अधिक आहे. ५८.५० ला ०.०९ ने भागले की ६५० येतात. इथे पीडीएफ उघडायची गरज पडते ती केवळ ‘६५० कशाचे’ हे वाचण्यासाठी. बिलावर दोन वेगवेगळे दर असतील, तर हा भागाकार दरनिहाय करावा लागतो.

साच्यात मांडणी

टॅलीच्या नमुना एक्सेल फाइलमध्ये एका व्हाउचरला अनेक ओळी लागतात आणि प्रत्येक लेजरची एक ओळ असते. व्हाउचर प्रकार `Purchase`, पुरवठादाराचा बिल क्रमांक संदर्भ क्रमांकाच्या स्तंभात आणि बिलाची तारीख संदर्भ तारखेत. आपला व्हाउचर क्रमांक टॅलीलाच देऊ द्यावा. दुरुस्तीनंतर आपले बिल असे बसते:

```
पक्षाचे लेजर            42176.00  Cr
Purchase Steel 18%      28222.00  Dr
Welding Consumables      6870.00  Dr
Freight Inward            650.00  Dr
Input CGST               3216.78  Dr
Input SGST               3216.78  Dr
Round Off                   0.44  Dr
```

फरक ऋण आल्यास राउंड ऑफ जमेच्या बाजूला जातो आणि रक्कम धनच लिहायची, हे विसरले जाते. पक्षाच्या ओळीत बिलाचा संदर्भ `New Ref`, नाव म्हणून पुरवठादाराचा बिल क्रमांक आणि पूर्ण ४२,१७६ रुपये द्यावेत. हे रिकामे राहिले तर रक्कम खात्यावर मोघम पडते आणि देय बिलांची यादी निरुपयोगी होते. एक्सएमएल मार्गाने जाणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे नावे रक्कम ऋण आणि जमा रक्कम धन लिहितात, आणि लेजरच्या नावातील `&` हे चिन्ह `&` असे लिहावे लागते.

चाचणी आणि आयात

कंपनीचा बॅकअप घेऊन प्रथम तीनच बिले आयात करावीत: एक राज्यातले, एक आयजीएसटीचे आणि एक भाडे असलेले. त्यानंतर पक्षाच्या लेजरची शिल्लक आणि इनपुट लेजरच्या बेरजा शीटशी ताडून पाहाव्यात आणि जीएसटीआर-३बी अहवालातील `Uncertain Transactions` उघडावे. आपली व्हाउचर तिथे दिसत असतील, तर बहुधा खरेदीच्या लेजरमध्ये जीएसटीचा दर भरलेला नाही किंवा कराच्या लेजरचा प्रकार चुकला आहे. ही दुरुस्ती फाइलमध्ये नव्हे, मास्टरमध्ये करायची असते.

शंभर बिलांपैकी ब्याण्णव गेली आणि आठ अडली, तर दुरुस्त केलेली पूर्ण फाइल पुन्हा टाकू नये, नाहीतर ब्याण्णव बिले दुबार येऊ शकतात. अडलेली आठच वेगळ्या फाइलमध्ये घ्यावीत, आणि जीएसटीआयएन, बिल क्रमांक व आर्थिक वर्ष यांची जोडणी करून तयार केलेला एक स्तंभ आधीच्या सर्व आयातींशी `COUNTIF` ने तपासावा. ज्या ओळीसमोर शून्याहून मोठा आकडा येईल, ते बिल आधीच पुस्तकात आहे.