चिठ्ठी कशाची होती, ते आधी विचारा

जळगाव-धुळ्याकडे गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे फॉर्म भरून आणणाऱ्या एम.ए., पीएच.डी.च्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. रिग्रेशन चालवता येतं, पी-व्हॅल्यू वाचता येते, स्टँडर्ड एरर ‘क्लस्टर’ करायचा असतो हेही कानावरून गेलंय, असं धरून चालतो. खरी गोची त्यापुढं आहे. क्लस्टर करायचा, पण कोणत्या पातळीवर? मी इथंच आडवा झालो होतो, म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि इथं रेंगाळतो.

उदाहरण कापसाचं घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी सोपे केलेत, मांडणी मात्र अगदी आपल्याकडच्या सर्व्हेसारखी. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे आणि फवारणीचा सल्ला, असा एक प्रयोग. 24 गावं, प्रत्येक गावात 20 शेतकरी, म्हणजे 480 फॉर्म. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना सल्ला मिळाला, निम्म्यांना नाही. एकरी उत्पादनात फरक निघाला 1.2 क्विंटल. उत्पादनाचं प्रमाण विचलन 3 क्विंटल. साधं रिग्रेशन चालवलं की स्टँडर्ड एरर येतो 0.27, टी येतो 4.4, आणि टेबलात तीन तारे झळकतात. या ताऱ्यांवर एक दिवससुद्धा विश्वास ठेवू नका.

कारण साधा फॉर्म्युला असं समजतो की 480 शेतकरी म्हणजे 480 वेगवेगळ्या बातम्या. तसं नसतं. अमळनेरकडच्या एका गावात पारावर बसून फॉर्म भरत होतो. चार-पाच जणांचे झाल्यावर एक म्हातारबाबा वैतागून म्हणाले, ‘‘समदासना कापूस सारखाच शे भाऊ, कितला जणले इचारशी?’’ बाबांनी एका वाक्यात सगळा विषय सांगितला. एका गावाला पाऊस एकच, लाइटचा फीडर एकच, जमीन काळी तर बहुतेकांची काळी आणि मुरमाड तर बहुतेकांची मुरमाड. बियाणं आणि औषध एकाच कृषी सेवा केंद्रातून, आणि दुकानदार एकाला जे देतो तेच दहा जणांना देतो. त्यात भर म्हणजे गावातले सगळे फॉर्म बहुधा एकच पोरगा भरतो. त्याला आकडा पूर्ण करून लिहायची सवय असेल, तर त्या गावात साडेसात क्विंटल कुणालाच होत नाही, सगळ्यांना आठ. विसावा फॉर्म एकोणिसाव्यापेक्षा फारसं नवीन काही सांगत नाही.

किती ‘फारसं नाही’, हे मोजता येतं. एका गावात m शेतकरी असतील आणि त्यांच्यातला सहसंबंध ρ असेल, तर वेरियन्स इतक्या पट फुगतो:

```
1 + (m - 1) * ρ
```

ब्रेंट मोल्टन यांनी 1986 आणि 1990 च्या लेखांत रिग्रेशनमधली ही गफलत दाखवली, म्हणून या पटीच्या वर्गमुळाला मोल्टन फॅक्टर म्हणतात. ρ 0.15 धरला तर 1 + 19 × 0.15 = 3.85, वर्गमूळ 1.96. स्टँडर्ड एरर 0.27 वरून जवळपास दुप्पट, 0.54. टी 4.4 वरून 2.2. एक लक्षात ठेवा: हा फटका इतका जोरात बसतो, कारण सल्ला गावातल्या सगळ्यांना मिळालाय किंवा कुणालाच नाही. तुमच्या डेटात ρ किती आहे ते स्टाटात `loneway` ने दिसतं, पण ते कच्च्या उत्पादनावर चालवू नका. आधी रिग्रेशन करून रेसिड्युअल काढा आणि त्यावर चालवा, नाहीतर प्रयोगाचा परिणामही ρ मध्येच मोजला जाईल.

इथपर्यंत सगळे येतात. गावावर क्लस्टर केलं, टी 2.2, तारा एक उरला पण उरला. आमच्याकडचा ठरलेला सल्ला हाच होता: ‘गाव आहे ना? गावावर मार क्लस्टर.’ सीनियरच्या डू-फाइलमध्ये हीच ओळ असते, तिच्याआधीच्या सीनियरच्या फाइलमध्येही हीच होती. जुनी डू-फाइल उचलणं हा माझ्या मते आपल्या विभागांतला सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे. कमांड उचलता येते, पण ज्या प्रयोगासाठी ती लिहिली तो प्रयोग काही उचलता येत नाही.

आता विचारा: लॉटरी काढली तेव्हा चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?

आपल्या उदाहरणात सल्ला द्यायला जाणार कृषी सहाय्यक. एका सहाय्यकाच्या सजात, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या भागात, अनेक गावं येतात. त्याला ‘या गावात सांग, शेजारच्या गावात सांगू नकोस’ असं म्हणणं व्यवहारात जमत नाही, म्हणून तालुक्याच्या ऑफिसात चिठ्ठ्या टाकल्या त्या सजांच्या. 8 सजा, प्रत्येकी 3 गावं, त्यातल्या 4 सजांना प्रयोग. म्हणजे नशिबाचा खेळ 480 शेतकऱ्यांवर झाला नाही, 24 गावांवरही नाही. तो झाला 8 सजांवर. एका सजाची तिन्ही गावं एकदम आत गेली किंवा एकदम बाहेर राहिली. वर त्या तीन गावांचं पाऊसपाणीही मिळतंजुळतं, आणि माणूस तर एकच. तो उत्साही असेल तर तिन्ही गावं पुढं, कामचुकार असेल तर तिन्ही मागं. गावावर क्लस्टर केलंत की तुम्ही सॉफ्टवेअरला सांगता, या तीन गावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ते बिचारं ऐकतं.

हिशेब करून बघा. प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या गावातले 19 सोबती आहेत, सहसंबंध 0.15. शिवाय सजातल्या बाकी दोन गावांतले 40, त्यांच्याशी सहसंबंध कमी, समजा 0.08. मग 1 + 19 × 0.15 + 40 × 0.08 = 7.05, वर्गमूळ 2.66. स्टँडर्ड एरर 0.73, टी 1.65. तारा गेला. तो 0.08 दिसायला किरकोळ वाटतो, पण 40 जणांशी गुणला की गावातल्या 0.15 पेक्षा जास्त वजनदार ठरतो. मी या 0.08 कडं ढुंकूनही बघितलं नव्हतं, कारण ‘एवढासा तर आहे’. एवढासाच असतो आणि तोच मारतो. 480 फॉर्ममध्ये माहिती उरते ती 68 स्वतंत्र शेतकऱ्यांइतकी.

```
reg utpadan prayog, vce(cluster gav)
reg utpadan prayog, vce(cluster saja)
boottest prayog, weighttype(webb) reps(9999)
```

तिसरी ओळ कशाला? कारण क्लस्टर स्टँडर्ड एररचं सगळं गणित ‘क्लस्टरची संख्या भरपूर आहे’ या गृहीतकावर उभं आहे. शेतकरी किती, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. 8 क्लस्टर म्हणजे भरपूर नव्हे. इतक्या कमी क्लस्टरवर निघालेला एरर स्वतःच बहुधा खऱ्यापेक्षा लहान असतो. शिवाय 1.96 ची सीमाही विसरा: स्टाटा इथं 7 डिग्री ऑफ फ्रीडमची सीमा वापरतं, 2.36. R मध्ये `coeftest` वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळा, ते साध्या `lm` मॉडेलवर निमूटपणे शेतकऱ्यांच्या संख्येवरून डिग्री ऑफ फ्रीडम धरतं. कमी क्लस्टरसाठी कॅमरन, गेलबाख आणि मिलर यांनी 2008 मध्ये वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप सुचवला, `boottest` तेच करतं; स्टाटात ते आधी `ssc install boottest` ने घ्यावं लागतं. त्यात नेहमीची वजनं म्हणजे प्रत्येक क्लस्टरला अधिक किंवा उणे. 8 क्लस्टरवर अशा जोड्या होतात फक्त 256, मग 9999 वेळा फिरवून तेच ते पुन्हा येतं. म्हणून `webb`, त्यात सहा वजनं आहेत.

आणि घाबरायचं कारण नाही, कारण आठच सजा असतील तर याहून सोपा आणि चोख मार्ग आहे. प्रत्येक सजाची सरासरी काढा. कागदावर आठ आकडे. 8 मधून 4 निवडण्याचे प्रकार 70. सगळ्या 70 प्रकारांनी ‘प्रयोग’ वाटून फरक काढा आणि तुमचा खरा फरक त्यात कितवा लागतो ते बघा. एक्सेलवरही होतं. याची मर्यादाही डोळ्यांसमोर येते: तुमचा फरक सगळ्यात मोठा असला तरी दोन्ही बाजूंनी मोजलेली पी-व्हॅल्यू 2/70, म्हणजे 0.029 च्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे 8 सजांच्या प्रयोगात या परीक्षेवर कुणी 0.01 च्या खालचे तारे दाखवले, तर डोळे झाकून खोटे म्हणा.

याच्या उलट टोकाला जाणारेही भेटतात: ‘जेवढी मोठी पातळी तेवढं सुरक्षित, तालुक्यावरच टाक.’ हेही चूक. अबादी, अॅथी, इम्बेन्स आणि वूल्ड्रिज यांचा 2023 चा लेख नेमका यावर आहे. क्लस्टर करायचा की नाही हे रेसिड्युअलच्या सहसंबंधावरून ठरत नाही, नमुना कसा निवडला आणि प्रयोग कसा वाटला यावरून ठरतं. चिठ्ठी एकेका शेतकऱ्याच्या नावाची असेल आणि शेतकरीही गावं न निवडता सरळ यादीतून उचललेले असतील, तर गावात कितीही सहसंबंध असो, साधा रोबस्ट एरर चालतो. उगाच क्लस्टर केलात तर खरा परिणामही झाकला जाईल. जळगावच्या डाळ मिलमधल्या कामगारांचा डेटा असेल तरी प्रश्न तोच: प्रशिक्षण मिलला मिळालं की कामगाराला? आणि तीच मिल पाच वर्षं बघत असाल, तर क्लस्टर ‘मिल-वर्ष’ नाही, ‘मिल’. वर्षं तोडलीत की मागच्या वर्षाचा या वर्षाशी असलेला संबंध पुसला जातो.

ज्यांचा सर्व्हे अजून व्हायचाय, त्यांच्या हातात अजून सगळं आहे. समजा चिठ्ठी गावाचीच आहे, ρ 0.15. 24 गावांत 20 ऐवजी 40 शेतकरी घेतले, फॉर्म दुप्पट झाले, तर स्टँडर्ड एरर 0.54 वरून 0.51 वर येतो, बस. सगळा गाव पालथा घातलात तरी 0.47 च्या खाली जात नाही. तेवढेच फॉर्म 48 गावांत 20-20 भरलेत, तर 0.38. गाइड म्हणतील, गावात गेलाच आहात तर अजून वीस फॉर्म भरून आणा, फुकटच आहेत. त्यांना हे दोन आकडे दाखवा आणि एस.टी.च्या भाड्याचे पैसे मागा.