पहिल्या वर्षातल्या ज्युनिअरला पत्र: एआय वापरताना गैरप्रकाराच्या चौकशीत अडकू नये म्हणून

प्रिय ज्युनिअर,

पहिल्या सेमिस्टरचं पहिलं मोठं सबमिशन जवळ आलं की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दहा टक्क्यांपर्यंत चालतं." या वाक्यावर विसंबून राहू नको. हे दहा टक्के आले विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांतून. ते नियम वाङ्मयचौर्याचे आहेत. त्यात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि पुढे 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. पण ते प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनाला लागू होतात. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. म्हणजे तुझ्या फील्ड प्रोजेक्टला तुझ्या कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा नियम लागतो, आणि तो दहा टक्क्यांपेक्षा कडक असू शकतो.

शिवाय ते टक्के साम्याचे आहेत, म्हणजे तुझा मजकूर आधी कुठे छापलेल्या मजकुराशी किती जुळतो याचे. एआयचा टक्का वेगळा. टर्निटिनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन आकडे वेगवेगळे दिसतात. साम्य 4 टक्के आणि एआय 70 टक्के असा रिपोर्ट सहज येऊ शकतो, कारण एआयने लिहिलेली वाक्यं कुठूनही जशीच्या तशी उचललेली नसतात.

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ. समज, विषय आहे "आपल्या वॉर्डातील ओला-सुका कचरा", 30 घरांचं सर्वेक्षण, 1500 शब्दांचा इंग्रजी रिपोर्ट, मुदत दहा दिवस.

आधी लेखी विचारून घे

"एआय चालेल का?" असं तोंडी विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं आणि नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिल्याच दिवशी मेल कर आणि कामं सुटी करून विचार. इतका मजकूर पुरे:

"सर/मॅडम, फील्ड प्रोजेक्टसाठी पुढील गोष्टींना एआय वापरलेला चालेल का, कृपया कळवावे. 1) संकल्पना समजून घेणे 2) मुद्द्यांचा क्रम ठरवणे 3) मी लिहिलेल्या इंग्रजीतील व्याकरणाच्या चुका दाखवणे 4) परिच्छेद पुन्हा लिहून घेणे. वापर केल्यास तो अहवालात कुठे नमूद करावा?"

तिसरा आणि चौथा प्रश्न वेगळे ठेवायचं कारण आहे. बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. चूक दाखवणं आणि वाक्य बदलून देणं हे एकाच बटणावर होतं, पण शिक्षकांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर आलंच नाही तर चौथं काम करू नको आणि उरलेली तीन केलीस तर तसं नमूद कर. एका विषयाची परवानगी दुसऱ्या विषयाला लागू होते असंही धरू नको.

फाइल अशी ठेव की तिच्यात मेहनत दिसेल

पत्रातला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. संशय आला तर "मीच लिहिलंय" हे सिद्ध करायला तुझ्याकडे मसुद्यांचा माग हवा. तो नंतर तयार करता येत नाही.

रिपोर्ट पहिल्या शब्दापासून गूगल डॉक्समध्ये, स्वतःच्या अकाउंटवरून, एकाच फाइलमध्ये लिही. `File → Version history → See version history` इथे कोणत्या दिवशी काय लिहिलं, काय खोडलं ते दिसतं. फाइलची कॉपी काढलीस तर कॉपीत जुना इतिहास येत नाही, आणि डाउनलोड केलेल्या वर्ड फाइलमध्येही तो नसतो. म्हणून मूळ फाइल निकाल लागेपर्यंत हलवू नको. वर्डमध्येच लिहायचं असेल तर फाइल वनड्राइव्हवर ठेव, नाहीतर ऑटोसेव्ह आणि जुन्या आवृत्त्या मिळत नाहीत.

या इतिहासात एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. तासभर काहीच नाही आणि मग एकदम 400 शब्द एका क्षणात आलेले. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून इथे पेस्ट करायची सवय असेल तर तुझं अस्सल लेखनही तसंच दिसेल. म्हणून कच्चं, मोडकं, मराठी-इंग्रजी मिश्रित का असेना, लिहायचं ते थेट फाइलमध्ये.

एआय उघडण्याआधी सर्वेक्षणाचे तक्ते भर आणि स्वतःच्या शब्दांत 150 ते 200 शब्दांचं टिपण लिही: काय दिसलं, कशाचं आश्चर्य वाटलं. रिपोर्टचा कणा तोच. एआयशी झालेला संवाद उडवू नको आणि टेम्पररी चॅट वापरू नको, तिची नोंद हिस्टरीत राहत नाही. सर्वेक्षणाच्या फॉर्मवरची नावं, फोन नंबर, घर क्रमांक मात्र एआयमध्ये टाकायचे नाहीत. ती लोकांनी तुला दिलेली माहिती आहे.

काय विचारायचं, कुठे थांबायचं

"1500 शब्दांचा रिपोर्ट लिहून दे" हा प्रश्न सरळ गैरप्रकारात जातो. "हे माझे सात मुद्दे, यांच्या क्रमात कुठे उडी वाटते?" हा चालणारा प्रश्न. व्याकरणासाठी विचारताना असं लिही: "चुका फक्त दाखव, कारण सांग, वाक्य पुन्हा लिहू नको." मग दुरुस्ती स्वतःच्या हाताने कर. वेळ जास्त लागतो, पण व्हायवामध्ये त्या वाक्यावर प्रश्न आला तर उत्तर तुझ्याकडे असतं.

आकडेमोड एआयवर सोपवू नको. 30 पैकी 11 घरं कचरा वेगळा करत नसतील तर ते 36.7 टक्के. एआयने परिच्छेद लिहिला की तो आकडा "सुमारे 40 टक्के" होऊ शकतो आणि शेजारी तू न विचारलेलं कारणही येतं, उदाहरणार्थ "जागरूकतेचा अभाव". तुझ्या प्रश्नावलीत जागरूकतेवर प्रश्नच नसेल तर हा निष्कर्ष आला कुठून, हे परीक्षक विचारणारच.

कायद्याच्या बाबतीतही तेच. घनकचऱ्याचे 2000 सालचे नियम जाऊन 2016 चे आले, आणि 2026 मध्ये त्यांच्या जागीही नवे नियम अधिसूचित झाले. इंटरनेटवर जुन्या-नव्या सगळ्यांवरचे लेख पडून आहेत आणि एआय त्यांची सरमिसळ करू शकतो. नियमाचा उल्लेख करायचा तर राजपत्रातली पीडीएफ उघड आणि त्यात पुढे काय बदल झाले तेही बघ.

प्रत्येक संदर्भ स्वतः उघड

एआय संदर्भ रचतो. लेखकाचं नाव खरं असतं, नियतकालिक खरं असतं, पण असा लेखच नसतो. कॉपीच्या संशयात वाद घालायला जागा असते, खोट्या संदर्भात ती नसते. म्हणून संदर्भातला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, `https://doi.org/` च्या पुढे जोडून उघड. पान उघडलं एवढ्यावर समाधान मानू नको. क्रमांक खरा असून भलताच लेख निघतो, तेव्हा शीर्षक आणि वर्ष जुळव. डीओआय नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोध. तिथेही नाही सापडलं तर ग्रंथपालांना विचार, आणि तरीही नाही मिळालं तर संदर्भ काढून टाक. शेवटी यादीतल्या लिंका तपास. चॅटजीपीटीतून उचललेल्या लिंकच्या शेपटीला अनेकदा `utm_source=chatgpt.com` असं चिकटलेलं असतं. ती शेपटी दिसली म्हणजे लेख तिथून आला हे उघड आहे. एआयने शोधून दिलेला लेख तू खरंच वाचला असशील तर तसं नमूद कर, नुसती शेपटी कापू नको.

सबमिशनच्या आधी

शेवटच्या पानावर वापराची नोंद लिही: "मुद्द्यांचा क्रम तपासण्यासाठी आणि इंग्रजीतील व्याकरणाच्या चुका शोधण्यासाठी (साधनाचे नाव) या साधनाचा (तारखा) वापर केला. सर्वेक्षण, आकडेमोड, निष्कर्ष आणि मजकूर माझा आहे. सर्व संदर्भ मूळ स्रोतात पाहिले आहेत." यातलं जे खरं नसेल ते लिहू नको. खोटी नोंद ही वेगळी चूक धरली जाते.

मजकूर "माणसाळवून" देणाऱ्या साइटपासून लांब राहा. त्या नेहमीचे शब्द काढून विचित्र पर्याय बसवतात. "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं "काउंटरफिट कॉन्शसनेस" झालेले शोधनिबंध याच तऱ्हेने पकडले गेले आहेत. शिवाय अशी साइट वापरली की लपवण्याचा हेतू आपोआप दिसतो. फुकटच्या तपासणी साइटवर रिपोर्ट चढवणंही टाळ. तुझा मसुदा कुणाच्या साठ्यात जमा झाला तर पुढे तुझाच रिपोर्ट तुझ्याशी जुळलेला दिसेल.

बोलावणं आलंच तर

एआय ओळखणारी सॉफ्टवेअर अंदाज करतात. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, वाक्यं किती एकसारखी आहेत, हे ती बघतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं इंग्रजी साधं, ठरावीक वाक्यरचनेचं असतं आणि म्हणून ते चुकून पकडलं जाण्याचा धोका जास्त. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी एआयचे ठरवले. ओपनएआयने स्वतःचा असा डिटेक्टर त्याच वर्षी कमी अचूकतेमुळे बंद केला. टर्निटिनही 300 शब्दांपेक्षा कमी गद्यावर एआयचा आकडा देत नाही.

म्हणून घाबरून "हो, चुकलं" असं लिहून देऊ नको आणि वादही घालू नको. पूर्ण रिपोर्ट माग, फक्त टक्का नको. कोणती वाक्यं रंगवली आहेत ते बघ. कोणत्या नियमाखाली आरोप आहे ते लेखी विचार. उत्तराला दोन-तीन दिवस माग आणि लेखी उत्तरासोबत हे जोड: आवृत्त्यांचे स्क्रीनशॉट तारखांसह, सर्वेक्षणाचे भरलेले फॉर्म, एआयशी झालेला संवाद, शिक्षकांचा मेल. समितीसमोर व्हायवा द्यायची तयारी आहे असंही लिही. परवानगीपलीकडे वापर झालाच असेल तर नेमका कोणत्या परिच्छेदात आणि कशासाठी ते सांग. इतिहास उडवलास तर मूळ चुकीपेक्षा ते महागात पडतं.

2024 मध्ये एका खाजगी विद्यापीठाच्या समितीने कायद्याच्या एलएलएम पदवीच्या विद्यार्थ्याचं उत्तर 88 टक्के एआयचं ठरवून त्याला त्या विषयात नापास केलं. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने नोटीस काढल्यावर विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचं कळवलं आणि याचिका निकाली निघाली. तुला कोर्टापर्यंत जावं लागू नये, पण समितीचा निर्णय लेखी घे आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी विचार. मुदत अनेकदा मोजक्याच दिवसांची असते, आणि निर्णयाच्या पत्रावरच्या तारखेपासून ती मोजली जाऊ शकते.

तुझा,
सीनिअर