दसऱ्याले सोनं द्यायला जाता, मंग काय बोलायचं?

आमच्याकडे गावात दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन झालं की घरोघरी सोनं वाटत फिरतात, आणि शहरातून आलेली पोरं दरवाज्यातच "हॅपी दसरा काका" म्हणून मोकळी होतात, तसं नका करू. लहानानं मोठ्याच्या घरी जायचं, आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवायचं, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणायचं अन् मग पाया पडायच्या. मोठे "सुखी राहा" म्हणतात, बहुतेक वेळा स्वतःजवळचं एक पान तुम्हाला देतात, ते दोन्ही हातांनी घेऊन खिशात ठेवा, तिथंच ओट्यावर टाकू नका, आजीच्या लगेच लक्षात येतं. बरोबरीचा दोस्त असला तर पान दिल्यावर गळाभेट, पाया नाही. काही खायला समोर आलं तर थोडं तरी घ्या, दहा घरं फिरायची असली तरी.

आता खरी गडबड. दसऱ्याच्याच दिवशी बौद्ध घरांत धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो (१९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती याच दिवशी, तारीख १४ ऑक्टोबर). तिथं सोन्याचं पान पुढं करण्यापेक्षा आधी "जय भीम" म्हणा, उत्तर पण "जय भीम"च येतं, मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा द्या.

ज्या घरी वर्षभरात कोणी गेलं असेल तिथं शुभेच्छा नका देऊ, नुसतं पाच मिनिटं बसून या.